पहिल्यांदा कद्दीश म्हणायला उभे राहताना

बाबा गेले ते 9 मार्च 2023 च्या गुरुवारी रात्री साडेनऊला, पुरीमचा सण होऊन दोन दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शब्बाथ लागायच्या आत दफन उरकायचे म्हणून सगळी धावपळ. कबरस्तानात हझानसाहेब, म्हणजे प्रार्थना चालवणारे, कद्दीशचा, म्हणजे शोकात म्हणायच्या यहुदी प्रार्थनेचा, एकेक शब्द सांगत होते आणि मी मागून म्हणत होतो, त्यामुळे तिथे निभावले. खरी फजिती संध्याकाळी सिनेगॉगमध्ये झाली. कुणीतरी माझ्या हातात एक लॅमिनेट केलेले कार्ड ठेवले आणि म्हणाले, "आता तू." मी उभा राहिलो आणि शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात वाचून मोकळा झालो. शेजारच्या अंकलनी खांद्यावर हात ठेवला. "बाळा, थांबायचं असतं रे. आम्हाला आमेन तरी म्हणू दे."

कद्दीश चुकते ते बहुतेक इथेच. आपण ती एकट्याने म्हणायची प्रार्थना समजतो. प्रत्यक्षात तुम्ही हाक देता आणि जमलेली माणसे ओ देतात. ती ओ मिळाली नाही तर म्हटलेले शब्द अर्धेच राहतात. पुढचे जवळजवळ सगळे नियम यातूनच निघतात.

मी बेने इस्राएल, घरात मराठी, आणि हिब्रू अक्षरे लहानपणी शिकून विसरलेला. माझ्यासारख्याच अवस्थेत अचानक उभे राहावे लागणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. आमच्याकडची प्रथा सेफार्दी, म्हणजे मुळात स्पेनकडच्या यहुद्यांची, आहे, म्हणून पाठही तोच दिला आहे. कुणाच्या दुःखात सोबत म्हणून सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या इतर मित्रांनाही समोर काय चालले आहे ते यावरून कळेल.

1. हाताशी काय हवे

फार काही लागत नाही, पण जे लागते ते ऐनवेळी सापडत नाही.

- सेफार्दी पाठाचा सिदूर, म्हणजे प्रार्थनेचे पुस्तक. घरात कुणी परदेशातून आणलेला सिदूर असेल तर तो अश्कनाझी, म्हणजे पूर्व युरोपीय पाठाचा, नाही ना हे आधी पाहा.
- देवनागरीत लिहिलेले कद्दीशचे कार्ड. ते स्वतःच्या हाताने लिहून काढा. लिहिताना जीभ कुठे अडखळणार ते कळते.
- किप्पा, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी घालायची छोटी टोपी.
- मृत व्यक्तीचे हिब्रू नाव आणि त्यांच्या वडिलांचे हिब्रू नाव. कद्दीशमध्ये कुणाचेही नाव येत नाही, पण हशकाबा, म्हणजे मृतासाठी नाव घेऊन केली जाणारी प्रार्थना, म्हणताना हझान नाव विचारतात. माझ्या आजोबांचे हिब्रू नाव घरात कुणालाच आठवेना. शेवटी बाबांच्या केतूबावर, लग्नाच्या करारावर, ते सापडले.
- मृत्यूची तारीख आणि *वेळ*. ही वेळ का हवी ते सहाव्या पायरीत सांगतो. तूर्तास कागदावर टिपून ठेवा, कारण आठवड्याभराने घरातले तिघे तीन वेळा सांगतात.

2. आधी दहा जण जमू द्या

कद्दीशला मिनयान लागतो. ऑर्थोडॉक्स प्रथेत तेरा वर्षांवरील दहा पुरुष, आणि सुधारणावादी पंथांत स्त्रियाही धरल्या जातात. शोकात असलेला स्वतः त्या दहांत मोजला जातो, म्हणजे तुमच्याशिवाय नऊ हवेत.

मुंबई-ठाण्यात शनिवारी सकाळी हा प्रश्न फारसा येत नाही. सोमवारच्या पहाटे येतो. सिनेगॉगची व्यवस्था पाहणारे शामाश दाराशी उभे राहून मनात काहीतरी पुटपुटत माणसे न्याहाळत असतात. माणसांना एक, दोन, तीन असे मोजू नये अशी रीत आहे, म्हणून ते स्तोत्र 28 मधले शेवटचे वचन म्हणतात, "होशिया एत अमेखा…", प्रत्येक माणसाला एक शब्द. त्या वचनात बरोबर दहा शब्द आहेत. शेवटचा "हाओलाम" कुणावर पडला की मिनयान झाला.

दहा झाले नाहीत तर कद्दीश म्हणायचे नाही. "नऊ आहेत, एकाचं काय एवढं" असे वाटते आणि मी एकदा हट्टही धरला होता. पण हाक द्यायला समाज हवा हीच या प्रार्थनेची अट असल्यामुळे अटीला बगल देऊन काही साधत नाही. अशा दिवशी तेहिलीम, म्हणजे स्तोत्रे, वाचतात किंवा मृताच्या नावाने मिश्नाचा, म्हणजे जुन्या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहाचा, थोडा अभ्यास करतात. लॉकडाऊनमध्ये फोनच्या पडद्यावर जमलेल्या दहांचे काय, यावर बरीच चर्चा झाली. ऑर्थोडॉक्स रब्बी सर्वसाधारणपणे दहाही जण एका ठिकाणी असावेत असेच मानतात.

नोकरीमुळे रोज तिन्ही वेळा जाणे जमत नसेल तर एक वेळ धरा आणि ती सोडू नका. मी संध्याकाळची धरली. मिन्हा आणि अरवित, दुपारची आणि रात्रीची प्रार्थना, सूर्यास्ताच्या आगेमागे लागून होतात, त्यामुळे एका फेरीत दोन्ही मिळत.

3. शब्द, ओळीओळीने

कद्दीश जवळजवळ सगळे अरामी भाषेत आहे. अरामी ही बाबिलोनमधल्या आणि पॅलेस्टाईनमधल्या यहुद्यांची एके काळची घरगुती बोली. हिब्रू शास्त्राची भाषा, अरामी बाजाराची. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या मध्ययुगातल्या भाष्यकारांनी कद्दीश अरामीत असण्याची दोन कारणे नोंदवली आहेत. देवदूतांना अरामी कळत नाही म्हणून ते हेवा करणार नाहीत, हे एक. आणि न शिकलेल्या माणसालाही अर्थ कळावा, हे दुसरे. मला दुसरे पटते. गंमत एवढीच की आज ती कुणालाच कळत नाही, म्हणून मला हे लिहावे लागते आहे.

मराठी माणसाला मात्र एक फायदा आहे. अरामी आणि अरबी या बहिणी-बहिणी, आणि आपल्या बोलीत अरबी-फारसी शब्द भरपूर. "आल्मा" म्हणजे जग, आपले "आलम". "मलखूते"मध्ये "मुलूख" आणि "मालिक" यांचे मूळ आहे. "शेलामा" हा "सलाम"चा भाऊ. एवढे ध्यानात ठेवले की अर्धी प्रार्थना ओळखीची होते.

खाली "ख" जिथे आहे तिथे तो घशातून घासून म्हणायचा, "खबर"मधला उर्दू वळणाचा ख. कंसातले उत्तर सभेचे आहे.

यितगद्दाल वेयितकद्दाश शेमे रब्बा. (आमेन)
थोर होवो आणि पवित्र मानले जावो त्याचे महान नाव.

ही ओळ यहेज्केल संदेष्ट्याच्या 38 व्या अध्यायातल्या शब्दांवर बेतलेली आहे. "शेमे" म्हणजे त्याचे नाव. "रब्बा" म्हणजे मोठे.

बेआल्मा दी व्रा खिरऊते, वेयमलीख मलखूते, वेयत्समाह पुरकाने, वीकारेव मेशिहे. (आमेन)
आपल्या इच्छेप्रमाणे त्याने निर्मिलेल्या या जगात. तो आपले राज्य स्थापो, आपली मुक्ती उगवू देवो, आपल्या मशीहाला जवळ आणो.

"वेयत्समाह"पासून पुढचे चार शब्द अश्कनाझी पाठात नसतात. तुमच्या कार्डावर ते नसतील तर कार्ड दुसऱ्या प्रथेचे आहे.

बेहय्येखोन उवयोमेखोन उवहय्ये देखोल बेत यिस्राएल, बाअगाला उविझमान कारीव, वेइमरू आमेन. (आमेन)
तुमच्या हयातीत, तुमच्या दिवसांत, आणि इस्राएलच्या सगळ्या घराण्याच्या हयातीत, लवकर, नजीकच्या काळात. आणि म्हणा, आमेन.

इथे व्याकरण बघा. "तुमच्या" हयातीत, आणि "वेइमरू" म्हणजे अनेकांना उद्देशून "म्हणा". बोलणारा देवाशी बोलत नाही, आणि गेलेल्या माणसाशी तर नाहीच. तो समोर जमलेल्यांशी बोलतो आहे. मी एका दमात वाचून गेलो तेव्हा मी लोकांना "म्हणा" असे सांगत होतो आणि म्हणायला जागाच ठेवत नव्हतो.

येहे शेमे रब्बा मेवाराख लेआलाम उलआल्मे आल्माया.
त्याचे महान नाव आशीर्वादित असो, युगानुयुगे, सर्वकाळ.

हे सात शब्द म्हणजे कद्दीशचा गाभा. दानीएलाच्या पुस्तकात (2:20) याच अर्थाचे अरामी वाक्य आहे. ही ओळ आधी सभा म्हणते आणि जोरात म्हणते. बेराखोत या तालमूदच्या ग्रंथात एक गोष्ट आहे. रब्बी योसे एका पडक्या घरात प्रार्थनेला शिरले असता त्यांना कळते, की इस्राएलचे लोक प्रार्थनास्थळात जमून "त्याचे महान नाव आशीर्वादित असो" असे उत्तर देतात तेव्हा देव मान हलवतो आणि म्हणतो, ज्या राजाची त्याच्या घरात अशी स्तुती होते तो धन्य. आपल्या मुलांना परागंदा करणाऱ्या बापाला मात्र काय मिळाले! हे उत्तर त्या काळातही चालत होते. शोक करणाऱ्यांशी त्याचा संबंध बऱ्याच शतकांनी जोडला गेला.

यितबाराख वेयिश्तब्बाह वेयितपाआर वेयितरोमाम वेयितनस्से वेयितहद्दार वेयितअल्ले वेयितहल्लाल शेमे देकुद्शा, बेरीख हू. (आमेन)
आशीर्वादित, स्तुत्य, गौरवलेले, उंचावलेले, उचललेले, सन्मानित, वर चढवलेले आणि प्रशंसित होवो त्या पवित्राचे नाव, तो धन्य असो.

ही आठ क्रियापदे सगळ्यांची जीभ वळवतात. मी ती दोन-दोनच्या जोड्या करून पाठ केली, चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीनंतर छोटा श्वास.

लेएल्ला मिन कोल बिरखाता, शिराता, तुश्बेहाता वेनेहेमाता, दाअमिरान बेआल्मा, वेइमरू आमेन. (आमेन)
जगात उच्चारल्या जाणाऱ्या सगळ्या आशीर्वादांच्या, गीतांच्या, स्तुतींच्या आणि सांत्वनांच्या पलीकडे. आणि म्हणा, आमेन.

"नेहेमाता" म्हणजे सांत्वने. इथे पहिल्यांदा दुःखाच्या जवळचा शब्द येतो, आणि तोही असे सांगायला की देवाचे नाव सगळ्या सांत्वनांच्या पलीकडे आहे. इथवर मृत्यू हा शब्द आलेला नाही. पुढेही येत नाही.

येहे शेलामा रब्बा मिन शेमय्या, हय्यीम वेसावा वीशूआ वेनेहामा वेशेझावा उरफूआ उगउल्ला उसलीहा वेखप्पारा वेरेवाह वेहत्साला, लानू उलखोल अम्मो यिस्राएल, वेइमरू आमेन. (आमेन)
आकाशातून मोठी शांती येवो, आणि जीवन, तृप्ती, तारण, सांत्वन, सुटका, आरोग्य, उद्धार, क्षमा, पापशमन, मोकळीक आणि बचाव, आम्हाला आणि त्याच्या सगळ्या इस्राएल लोकांना. आणि म्हणा, आमेन.

अश्कनाझी पाठात ही यादी "हय्यीम"वर, जीवनावरच, थांबते. आमच्याकडे अकरा वस्तू आहेत. मी त्या भाजीच्या यादीसारख्या बोटांवर मोजत शिकलो.

ओसे शालोम बिमरोमाव, हू बेराहामाव याअसे शालोम आलेनू, वेअल कोल अम्मो यिस्राएल, वेइमरू आमेन. (आमेन)
जो आपल्या उंच स्थानी शांती राखतो तो आपल्या दयेने आमच्यावर आणि आपल्या सगळ्या इस्राएल लोकांवर शांती करो. आणि म्हणा, आमेन.

ही शेवटची ओळ हिब्रूत आहे. लहानपणी शब्बाथला गायलेली असल्यामुळे ती बहुतेकांना येतेच.

4. उभे राहणे, थांबणे, मागे सरकणे

उभे राहा, पाय जुळवा. शोकात असलेले इतर जणही त्याच वेळी उभे राहतील. त्यांच्या चालीत चाल मिसळा. एकजण पुढे, दुसरा मागे असे झाले की सभेला कुणाला आमेन म्हणावे ते कळत नाही. नवखे असाल तर जुन्या माणसाच्या अर्धा शब्द मागे राहा.

तिसऱ्या ओळीतल्या "वेइमरू आमेन"नंतर सगळ्यात जास्त थांबायचे. सभा आमेन म्हणते, सात शब्द म्हणते, आणि सेफार्दी रिवाजात बरेच लोक हळू आवाजात तसेच पुढे थेट "दाअमिरान बेआल्मा"पर्यंत जातात. तुम्हाला पुटपुट ऐकू येते आणि वाटते, आपली पाळी हुकली. हुकलेली नसते. मोठ्याने म्हटलेले सात शब्द विरले की तुम्ही तेच सात शब्द म्हणा आणि आपल्या चालीने पुढे जा.

शेवटच्या "ओसे शालोम"आधी तीन पावले मागे, डाव्या पायाने सुरुवात. मग "ओसे शालोम बिमरोमाव" म्हणताना डावीकडे वाकायचे, "हू बेराहामाव…" म्हणताना उजवीकडे, आणि "वेअल कोल अम्मो यिस्राएल"ला समोर. राजासमोरून निघताना पाठ न दाखवता मागे हटतात, तसे. मागे बाक आहे का ते आधी पाहून घ्या. मी दुसऱ्याच दिवशी बाकावर बसलो होतो, इच्छा नसताना.

5. प्रत्येक कद्दीश तुमचे नाही

पहिल्या आठवड्यात मी "यितगद्दाल" ऐकू आले की उठायचो. एका प्रार्थनेत कद्दीश अनेकदा येते, आणि त्यातली काही फक्त हझानची असतात. अर्धे कद्दीश हे प्रार्थनेच्या दोन भागांमधला उंबरठा. ते "दाअमिरान बेआल्मा, वेइमरू आमेन"वर संपते. "तितकब्बाल" या शब्दाने सुरू होणारी ओळ ज्यात येते तेही हझानचे, मुख्य प्रार्थना संपल्याची खूण. तुमचे असते ते "येहे शेलामा" कद्दीश, जे आमच्या पाठात बहुधा "आलेनू" या शेवटच्या प्रार्थनेच्या थोडे आधी येते. अश्कनाझी सिनेगॉगमध्ये ते "आलेनू"नंतर असते. याशिवाय शिकवणीनंतर म्हणायचे "कद्दीश देरब्बानान"ही शोकातली माणसे म्हणतात. त्यात गुरू आणि शिष्यांसाठी एक जास्तीचा परिच्छेद आहे, आणि तो पहिल्या महिन्यात वाचूनच म्हणावा.

कबरीपाशीचे कद्दीश आणखी वेगळे. त्यात जग नव्याने घडवण्याचा आणि मेलेल्यांना उठवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ते लांब आहे आणि हझान सांगतील तसे म्हणायचे. पाठ करायच्या फंदात पडू नका.

एक सापळा फोनमधला. मी चाल शिकायला एक रेकॉर्डिंग लावले तर त्यात "यिस्गदल वेयिस्कदश श्मे रब्बो" असे ऐकू येऊ लागले. ते चूक नव्हते. जुना अश्कनाझी उच्चार होता, जिथे शब्दांतल्या काही "त"चा "स" आणि "आ"चा "ओ" होतो. काही जण "यितगद्देल वेयितकद्देश" असेही म्हणतात, कारण ते पहिले दोन शब्द अरामी नसून हिब्रू मानतात. यातले काहीही ऐकून स्वतःचे कार्ड खोडू नका. ज्या सभेत उभे आहात तिचा उच्चार तो तुमचा.

6. किती दिवस, आणि तारीख कशी काढायची

आईवडिलांसाठी कद्दीश अकरा महिने. पती, पत्नी, भाऊ, बहीण किंवा अपत्य यांच्यासाठी साधारणपणे तीस दिवस. त्यानंतर दर वर्षी मृत्यूच्या हिब्रू तारखेला.

अकराच का? मिश्नात (एदुयोत 2:10) म्हटले आहे की दुष्टांचा नरकातला न्याय बारा महिने चालतो. मुलाने पूर्ण बारा महिने कद्दीश म्हटले तर जणू तो सांगतो की माझा बाप त्यातलाच. म्हणून 16 व्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इसर्लेस यांनी अकरा महिन्यांची रीत नोंदवली. काही सेफार्दी ठिकाणी अकरा महिन्यांनी आठवडाभर थांबून पुन्हा बाराव्याच्या अखेरीपर्यंत म्हणतात. आपल्या हझानांना विचारा आणि तसे करा.

मृतासाठी कद्दीश म्हणण्याची चाल 12 व्या-13 व्या शतकात जर्मन भूमीतल्या यहुद्यांमध्ये रुजली, आणि तिथून पसरली. तिच्यासोबत रब्बी अकिवांची एक गोष्ट सांगतात. लाकडाची मोळी वाहणारा एक मेलेला माणूस त्यांना भेटतो. तो रोज आपल्याच आगीसाठी लाकडे आणतो. अकिवा त्याच्या अनाथ मुलाला शोधून शिकवतात, आणि मुलगा सभेपुढे उभा राहून पुकारा करतो व सभा उत्तर देते तेव्हा बाप सुटतो. मुलगा बापासाठी काही मागतही नाही. त्याच्या तोंडून निघालेल्या शब्दांना लोकांनी ओ दिली, एवढेच घडते.

आता तारीख. हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. 9 मार्च 2023 चा दिवस हा 16 अदार 5783. पण बाबा रात्री साडेनऊला गेले, म्हणजे तोवर 17 अदार लागला होता. मृत्यूच्या दाखल्यावर 9 मार्च आहे आणि ते संकेतस्थळावर तसेच टाकले तर 16 अदार मिळतो. आमच्या घरात पहिले तीन महिने चुकीची तारीख भिंतीवर लिहिलेली होती. म्हणून पहिल्याच पायरीत वेळ टिपायला सांगितले. "सूर्यास्तानंतर" असा पर्याय तारीख काढताना निवडावा लागतो.

17 अदारपासून महिने मोजा: निसान, इय्यार, सिवान, तम्मूझ, आव, एलूल, तिश्री, हेश्वान, किस्लेव, तेवेत, शेवात. सतरा शेवातला बारावा महिना लागतो, म्हणून माझे शेवटचे कद्दीश 16 शेवात 5784 ला, म्हणजे 26 जानेवारी 2024 च्या शुक्रवारी दिवसा.

मग वर्षश्राद्धासारखी ती वार्षिक तारीख. इथे अदारचा घोळ येतो. आपल्या पंचांगात अधिक मास येतो तसा हिब्रू पंचांगात एकोणीस वर्षांत सात वेळा महिना वाढतो, आणि तो नेहमी अदारच असतो, पहिला आणि दुसरा. 5784 असेच वर्ष होते. मृत्यू साध्या वर्षातल्या अदारमध्ये झाला असेल तर शुल्हान आरूख या कायद्याच्या ग्रंथाप्रमाणे सेफार्दी लोक दुसरा अदार पाळतात. अश्कनाझींची रीत पहिल्या अदारची आहे, आणि काही जण दोन्ही पाळतात. माझा चुलतभाऊ अमेरिकेतून फोन करून म्हणाला, "26 फेब्रुवारीला आहे ना?" त्याच्या जवळच्या अश्कनाझी सिनेगॉगने पहिल्या अदारचा हिशेब करून दिला होता. आमच्याकडे तारीख निघाली 27 मार्च 2024, आणि मेणबत्ती लावायची ती 26 च्या संध्याकाळी. दोघांचेही बरोबर होते.

7. कोण म्हणू शकते

पहिला मान मुलाचा. मुलगा नसेल तर नातू, भाऊ, जावई, किंवा कुटुंबाने विनंती केलेला कुणी म्हणतो. ज्याचे आईवडील दोघेही हयात आहेत त्याने शोकाचे कद्दीश सहजासहजी म्हणू नये अशी भावना आहे. मित्र म्हणून सोबत गेलात तर उभे राहून साथ देण्यापेक्षा बसून मोठ्याने आमेन म्हणा. त्याचीच गरज जास्त असते.

मुलींचे काय? सुधारणावादी सिनेगॉगमध्ये प्रश्नच नाही. ऑर्थोडॉक्स जागी प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर मिळते. काही जागी मुलगी गॅलरीतून पुरुषांच्या आवाजासोबत म्हणते, काही जागी ते चालत नाही. 1916 साली हदास्सा या यहुदी स्त्रियांच्या संघटनेच्या संस्थापक हेन्रिएटा झोल्ड यांची आई वारली. हाइम पेरेत्स नावाच्या मित्राने त्यांच्या वतीने कद्दीश म्हणण्याची तयारी दाखवली. झोल्ड यांनी पत्र लिहून आभार मानले आणि नकार दिला, कारण ते त्यांना स्वतःला म्हणायचे होते. माझी बहीण शब्बाथला गॅलरीत उभी राहून म्हणे. अकरा महिन्यांत तिला कुणी हटकले नाही, पण तिने पहिल्याच आठवड्यात हझानसाहेबांना घरी जाऊन विचारले होते. तुम्हीही आधी विचारा. ऐन प्रार्थनेत वाद नको.

शेवटी एक सोय. पुढची दहा वर्षे दर फेब्रुवारीत पंचांग शोधत बसायला नको म्हणून मी बाबांच्या सिदूरच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तारखा लिहून ठेवल्या आहेत: 17 मार्च 2025, 6 मार्च 2026, आणि मग पुन्हा दोन अदारांचे वर्ष असल्यामुळे 26 मार्च 2027. प्रत्येकीपुढे कंसात "आदल्या संध्याकाळपासून" असे लिहिले आहे, कारण मी ते दरवेळी विसरतो.